निफ्टीचा वायदा महाग का?

समजा, निफ्टी 24,000 वर आहे. ते सगळे शेअर आज रोखीने घेतले, तर पैसा अडकतो. वार्षिक 6.5 टक्के दराने 30 दिवसांचे व्याज सुमारे 128 अंश होते. त्या काळात 20 अंशांचा लाभांश मिळणार असेल, तर वायद्याचा रास्त भाव 24,108 ठरतो.

हा 108 अंशांचा फरक म्हणजे ‘बेसिस’. त्यात तेजीचे भाकीत नसते. मुदत संपताना तो शून्यावर येतो.

सौदा पुढे न्यायचा, म्हणजे रोलओव्हर करायचा, तर खरेदीदार चालू महिन्याचा वायदा विकून पुढचा, बहुधा महाग, वायदा घेतो. तो फरक हाच त्याचा खर्च. लाभांशाच्या हंगामात किंवा विक्रीचा जोर वाढल्यास मात्र वायदा निर्देशांकाखालीही उतरतो.