ऑफसाइड (फुटबॉल)

असोसिएशन फुटबॉलच्या नियमावलीतील अकरावा नियम. आक्रमक खेळाडूने प्रतिपक्षाच्या गोलजवळ आधीच जाऊन चेंडूची वाट पाहत उभे राहू नये, हा या नियमाचा हेतू होय. १८६६ पासून आक्रमक व गोलरेषा यांमध्ये प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असणे आवश्यक होते. १९२५ मध्ये ही संख्या दोनवर आणण्यात आली. शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या समरेषेत असलेला आक्रमक १९९० पर्यंत ऑफसाइड धरला जाई. त्या वर्षीच्या बदलाने तो नियमात बसू लागला.

ऑफसाइड स्थिती ठरण्यास तीन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. आक्रमकाचे डोके, धड किंवा पाय यांचा कोणताही भाग मध्यरेषेपलीकडे प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात असावा लागतो. तो भाग चेंडूपेक्षा गोलरेषेच्या अधिक जवळ असावा लागतो. तसेच तो प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षाही अधिक जवळ असावा लागतो. हात व दंड काखेच्या तळापर्यंत हिशेबात घेत नाहीत. ही सवलत बचाव करणाऱ्यांच्या हातांनाही, गोलरक्षकाच्या हातांसुद्धा, लागू आहे.

समजा, गोलरक्षक गोलरेषेपासून ४ मी. अंतरावर असून एका बचाव खेळाडूचा सर्वांत मागचा पाय १२ मी. अंतरावर आहे, इतर सर्व त्यांच्या पुढे आहेत व चेंडू २५ मी.वर आहे. आक्रमकाचा गोलरेषेच्या सर्वांत जवळचा पायही १२ मी.वर असेल, तर दोघे समरेषेत आहेत आणि स्थिती निर्दोष आहे. तोच पाय ११.८ मी.वर गेला, तर बाकीचे शरीर मागे असूनही ती ऑफसाइड स्थिती होते. केवळ पुढे केलेला हात ११.८ मी.वर असेल, तर होत नाही. समरेषा ठरविताना दोन्ही खेळाडूंचे पाय कोठे आहेत एवढेच पाहून भागत नाही. धावणारा आक्रमक पुढे झुकलेला असल्यास त्याचा गुडघा किंवा डोके त्याच्या पायाच्याही पुढे असू शकते.

‘शेवटून दुसरा’ या शब्दांत गोलरक्षकही मोजला जातो. तो एरवी शेवटचा असतो, म्हणून मैदानातील शेवटच्या बचाव खेळाडूची रेषा हीच ऑफसाइडची रेषा अशी समजूत रूढ आहे. गोलरक्षक पुढे आला की ती फसते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी विश्वचषक स्पर्धेच्या कतार–एक्वादोर या सलामीच्या सामन्यात तिसऱ्याच मिनिटाला एनेर व्हालेन्सिया याने केलेला गोल याच कारणाने रद्द झाला. फ्री किकवर आलेला चेंडू अडविण्यास कतारचा गोलरक्षक पुढे सरसावला असता फेलिक्स तोरेस याचा चेंडूला स्पर्श झाला. त्या क्षणी मायकेल एस्त्रादा याच्या मागे कतारचा एकच खेळाडू उरला होता व एस्त्रादाचा पाय शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे होता. पुढे त्याने चेंडू खेळल्याने गुन्हा पूर्ण झाला. मागे एक बचाव खेळाडू दिसत असल्याने अनेक प्रेक्षकांना हा निर्णय चुकीचा वाटला. नियमाप्रमाणे तो बरोबर होता.

ऑफसाइड स्थितीत असणे हा स्वतः गुन्हा नव्हे. सहकाऱ्याने चेंडू खेळला किंवा त्याला स्पर्श केला, त्या क्षणीची स्थिती पाहतात. चेंडू पोहोचेल तेव्हाची नव्हे. त्यानंतर त्या खेळाडूने चेंडू खेळला, प्रतिस्पर्ध्याला अडथळा आणला किंवा त्या स्थितीचा लाभ घेतला, तरच प्रतिपक्षाला अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. गोल किक, थ्रो-इन व कॉर्नर किक यांतून चेंडू थेट मिळाल्यास ऑफसाइड होत नाही.

हा क्षण पकडणे साहाय्यक पंचास कठीण जाते. आक्रमक सेकंदाला ७ मी. वेगाने गोलकडे धावत असेल आणि बचाव खेळाडू ३ मी. वेगाने उलट दिशेने पुढे येत असेल, तर दोघांतील अंतर सेकंदाला १० मी. बदलते. पास देणाऱ्याकडून नजर रेषेकडे वळविण्यास सेकंदाचा दहावा भाग लागला, तरी समरेषेतील आक्रमक १ मी. पुढे गेलेला दिसतो. म्हणून साहाय्यक पंच शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या किंवा, चेंडू गोलरेषेच्या अधिक जवळ असल्यास, चेंडूच्या समांतर राहतो. तो मागे किंवा पुढे राहिला, तर तिरकस दृष्टीमुळे समरेषा मोडल्याचा भास होतो.

चित्रफितीच्या साहाय्यानेही ही अडचण पूर्णपणे संपत नाही. भारतात अशी पंचव्यवस्था २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषक स्पर्धेत प्रथम वापरली गेली. तिचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. सेकंदाला ५० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमधील काळात वरील दोघांतील अंतर २० सेंमी. बदलते. कतारमध्ये याकरिता चेंडूतच सेकंदाला ५०० वेळा नोंद करणारे संवेदक उपकरण बसविले होते, त्यामुळे स्पर्शाचा क्षण अधिक नेमका ठरविता आला. अशी साधने नसलेल्या मैदानावर मात्र साहाय्यक पंचाने समांतर राहणे हाच उपाय असून, शंका राहिल्यास निशाण न उचलण्याकडे त्याचा कल असतो.