गिरणगावातला विरह : शृंगाररसाची दुसरी बाजू

लालबाग-परळच्या चाळींत एकेका गाळ्यात दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. त्यांची बायकापोरं कोकणात किंवा घाटावर असत. अशा वस्तीत शृंगार कुठे शोधायचा, असं कुणी विचारील. भरतमुनींना मात्र तो तिथे सहज सापडला असता.

संभोग आणि विप्रलंभ

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात शृंगाराचा स्थायिभाव ‘रती’ सांगितला आहे आणि त्याच्या दोन अवस्था मानल्या आहेत. संभोग म्हणजे दोघं एकत्र असताना फुलणारा शृंगार. आज आपण या शब्दाचा जो अर्थ घेतो तेवढाच तो नाही. बागेतलं फिरणं, थट्टा, नुसतं एकमेकांकडे पाहणंही त्यात येतं. विप्रलंभ म्हणजे ताटातुटीतला शृंगार. रती दोन्हीकडे तीच असते. विरहात ती चिंता, उत्सुकता, शंका, व्याधी अशा संचारी भावांतून दिसते.

मग विप्रलंभ आणि करुण यांत फरक काय? ही शंका भरतमुनी स्वतःच काढतात. रडणं, खंगणं, झोप उडणं तर दोन्हीकडे आहे. त्यांचं उत्तर असं : करुण निरपेक्ष, विप्रलंभ सापेक्ष. करुणात भेटीची आशा संपलेली असते, विप्रलंभात ती जिवंत असते. तेव्हा डोळ्यांत पाणी किती आहे यावरून रस ठरवू नये, वाट पाहणं उरलं आहे का ते बघावं.

‘कार्यवशात्’ प्रवास

पुढे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त विप्रलंभाचे चार प्रकार केले : भेटीआधीचा पूर्वराग, रुसव्याचा मान, प्रवास आणि करुणविप्रलंभ. प्रवासाची कारणंही त्याने तीन दिली : काम, शाप आणि संभ्रम, म्हणजे अचानक ओढवलेली धांदल. ‘मेघदूता’तला यक्ष शापाने दूर गेला. गिरणीकामगार पहिल्या प्रकारातला, कामापायी घर सोडलेला. यक्षाची शिक्षा निदान एका वर्षाची होती. चाकरमान्याची मुदत गणपती नाहीतर शिमग्यापुरती मोडायची आणि पुन्हा सुरू व्हायची.

अण्णा भाऊंची मैना

या प्रवासविप्रलंभाचं मराठीतलं सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. वाटेगावचे अण्णा भाऊ (१९२०–१९६९) स्वतः गिरणीत राबलेले. शाहीर अमर शेखांच्या आवाजात ही रचना संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली.

शास्त्राच्या भाषेत पाहायचं तर मैना हा आलंबन विभाव. नायक तिच्या रूपाचं वर्णन करतो, इथवर वाट परिचित आहे. मग निरोपाचा प्रसंग येतो. ती त्याच्यासाठी भाकरी बांधते, वेशीपर्यंत पोचवायला येते आणि तिथे तिचा चेहरा उतरतो. तिला हसवण्यासाठी तो दागिन्यांची यादीच म्हणू लागतो : तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नथ. मला ही जागा फार मोलाची वाटते. नायिकेच्या अंगावरचे दागिने वर्णावेत ही संभोगशृंगाराची जुनी रीत. इथे एकही दागिना अंगावर नाही, सगळे कबूल केलेले. म्हणजे संभोगाचं सगळं साहित्य उधारीवर, आणि म्हणूनच ते विरहात शिरतं. ती मात्र काही हसत नाही. हात वर करून तशीच थांबते. ते न हसणं हाच तिचा अनुभाव. तिच्या तोंडी एक शब्दही घालावा लागत नाही.

आणखी एक उलटापालट आहे. ज्या नायिकेचा पती परदेशी गेला आहे ती ‘प्रोषितभर्तृका’ अष्टनायिकांतली एक, आणि ‘गाथासप्तशती’पासून आपल्याकडे विरह बहुधा तिच्या तोंडून ऐकू येतो. इथे बोलतो तो गेलेला पुरुष, यक्षासारखा. फक्त अलकेच्या आठवणींऐवजी त्याच्यापुढे बेकारांची गर्दी असलेली मुंबई आहे.

शृंगारातून वीरात

शेवटाकडे रचना वळण घेते. मैनेची भेट नाही, तीच गत खंडित महाराष्ट्राची, असं म्हणत नायक बेळगाव, कारवार, निपाणीकडे वळतो आणि कामगार-शेतकऱ्यांची फौज उभी राहते. स्थायिभाव आता उत्साह, रस वीर. हा रसभंग म्हणायचा का? विश्वनाथ वीराला शृंगाराचा विरोधी मानतो, आनंदवर्धन मात्र या दोघांत विरोध मानत नाही. माझा कौल आनंदवर्धनाला, कारण इथला सांधा सापेक्षतेचा आहे. बायकोच्या भेटीची जी आशा विरहाला करुण होऊ देत नाही, तीच तुटलेल्या मुलखाकडे वळवली जाते. मैना मेली असती तर हे वळण घेताच आलं नसतं. शोकातून थेट मोर्चा काढणं फार अवघड.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, निपाणी, कारवार बाहेरच राहिले, त्यामुळे छक्कडीतला तो दुसरा विरह सीमाभागात आजही विप्रलंभ म्हणूनच ऐकला जातो.