उन्हातली मोटार आणि मोबाइलची बॅटरी

उन्हात उभी असलेली मोटार आतून सर्वत्र सारखी तापत नाही. समोरच्या काचेतून आलेले ऊन थेट डॅशबोर्डवर पडते आणि त्याचा काळसर पृष्ठभाग ते शोषून घेतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेंपी येथे झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे स्पष्ट दिसून आले. बाहेर ३८ अंश सेल्सिअसहून अधिक तापमान असताना तासभर उन्हात ठेवलेल्या मोटारींतील हवा सरासरी ४७ अंशांपर्यंत तापली. डॅशबोर्ड मात्र ६९ अंशांवर पोहोचला. सावलीतील मोटारींतही तो ४८ अंशांपर्यंत तापला होता. विदर्भात किंवा राजस्थानात मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ अंशांच्या आसपास जाते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

मोबाइल ३५ अंशांपर्यंत वापरावा आणि बंद असला तरी ४५ अंशांहून अधिक उष्णतेत ठेवू नये, असे निर्माते सामान्यतः सांगतात. म्हणजे सावलीतील डॅशबोर्डही या मर्यादेबाहेरच असतो.

मोबाइलच्या लिथियम-आयन बॅटरीत दोन विद्युत अग्रे व त्यांमध्ये एक द्रव असतो. उष्णता वाढली की या द्रवाचे अग्रांशी होणारे अनिष्ट रासायनिक संयोग वेगाने घडू लागतात. त्यांत काही लिथियम कायमचे अडकून पडते व तेवढी साठवणशक्ती नष्ट होते. मोबाइल थंड झाला तरी ही हानी भरून येत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास हानी अधिक होते.

चालत्या गाडीत डॅशबोर्डवर बसवलेला मोबाइल रस्ता दाखवीत असतो, तेव्हा ऊन, पडदा व प्रक्रियक यांची उष्णता एकत्र येते. त्यात चार्जिंगची भर पडते. अशा वेळी पडदा मंद होणे, काम संथ होणे, चार्जिंग थांबणे ही बिघाडाची लक्षणे नव्हेत. स्वतःला वाचविण्यासाठी यंत्राने केलेली ती योजना होय.

निर्दोष बॅटरी केवळ ६९ अंशांना सहसा पेट घेत नाही. तिच्यातील अग्रांना विलग ठेवणारा प्लास्टिकचा पातळ पडदा सुमारे १३० अंशांना वितळतो. तथापि पडून दबलेल्या, सदोष किंवा जुन्या बॅटरीत आतल्या आत विद्युत संपर्क घडून ती मर्यादा अल्पावधीत गाठली जाऊ शकते. मागील झाकण उचलले जाणे, पडद्याच्या कडेला फट पडणे ही बॅटरी फुगल्याची खूण आहे. असा मोबाइल चार्ज करू नये, दाबूही नये. बॅटरी जाणकाराकडून बदलून घ्यावी.

तापलेला मोबाइल चार्जरपासून सोडवून, बंद करून सावलीत ठेवावा. शीतकपाटात ठेवल्यास आत दव साचण्याची भीती असते. प्रवासात तो डॅशबोर्डऐवजी गार हवेच्या झरोक्यापाशी बसवावा, आणि गाडी उभी करताना सोबत न्यावा.