टेरिकॉटची न सुटणारी गाठ

हरियाणातल्या पानिपतला जगभरातले जुने कपडे येतात. बायका उभ्या पात्यावर बटणं, चेन, कॉलर कापून काढतात आणि चिंध्यांचे रंगवार ढीग लावतात. लाल ढिगातून लाल सूत निघतं, त्यामुळे पुन्हा रंगवण्याचा खर्च वाचतो. मग दातेरी रुळांचं यंत्र चिंध्या फाडून तंतू मोकळे करतं. यात पाणी जवळजवळ लागत नाही. मात्र ओढाताणीत तंतू तुटतात. नव्या कापसाचा साधारण 28 मिलिमीटरचा तंतू इथून बाहेर पडतो तेव्हा बहुतेक वेळा निम्म्याहून आखूड झालेला असतो. आखूड तंतूंचं बारीक सूत कातता येत नाही, म्हणून शर्टाचा पुन्हा शर्ट होत नाही. त्याची सतरंजी होते, नाहीतर पोछा.

लोकरीवर हा धंदा उभा होता, तोवर ठीक होतं. पण आपल्या शाळेच्या गणवेशाचं टेरिकॉट घ्या : 65 टक्के पॉलिएस्टर, 35 टक्के कापूस. ही भेसळ विणताना होत नाही, कातण्याआधीच होते. चाळीस काउंटच्या सुताच्या छेदात शंभराच्या आसपास तंतू असतात आणि त्यांत दोन्ही जाती खिचडीतल्या डाळ-तांदळासारख्या मिसळलेल्या असतात. दातेरी रूळ ते निवडू शकत नाही. उलट चिवट पॉलिएस्टर टिकतं आणि कापूस जास्त तुटतो. लायक्रा असली तर आणखी पंचाईत, कारण ती तुटण्याऐवजी ताणली जाऊन रुळाला गुंडाळते.

इथे यंत्रापेक्षा रसायनाची बाजू सरस आहे, कारण त्याला तंतू निवडावे लागत नाहीत. गरम कॉस्टिक सोडा पॉलिएस्टर विरघळवतो आणि कापूस बराचसा मागे राहतो. हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे. शंभर किलो टेरिकॉटमधल्या 65 किलो पॉलिएस्टरला कागदोपत्री 27 किलो कॉस्टिक लागतं. हाती येतं सुमारे 56 किलो टेरेफ्थॅलिक आम्ल आणि 21 किलो ग्लायकॉल. पण ते आम्ल द्रावणातून बाहेर काढायला गंधकाम्ल घालावं लागतं आणि त्यातून 48 किलो सोडियम सल्फेट तयार होतं. कारखान्याचं खरं दुखणं हे मीठच. शिवाय रंग आणि फिनिशही द्रावणात उतरतात, ते निराळे काढावे लागतात. मागे राहिलेल्या कापसाची रेणुसाखळीही तोकडी होते. तो थेट कातण्यापेक्षा विरघळवून व्हिस्कोससाठी वापरणं परवडतं.

म्हणूनच काहींनी मिश्र कापड टाळून मुख्यतः कापसाच्याच चिंध्या घेतल्या. स्वीडनमधल्या रिन्यूसेलने 2022 मध्ये सुंड्सवालला अशा चिंध्यांचा लगदा करणारा कारखाना सुरू केला. फेब्रुवारी 2024 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या लगद्याला पुरेशा ऑर्डर आल्या नव्हत्या.

शिवाय ‘शंभर टक्के कॉटन’ या लेबलावरही विसंबता येत नाही. शिवण उसवून दोरा काडीला लावून पाहा. जळून राख झाली आणि कागदाचा वास आला तर कापूस. वितळून टोकाला कडक मणी बसला तर पॉलिएस्टर. बहुतेक कॉटन शर्टांच्या शिवणीत हा मणीच सापडतो.