दोन झरे, एक मालक

खनिज पाण्याचे दोन झरे शेजारी शेजारी आहेत. पाणी सारखेच आहे, पण मालक वेगळे. प्रत्येक मालकाने रोज किती पाणी विकायला काढावे? फ्रेंच गणिती आंत्वान ओग्युस्तँ कुर्नो यांनी १८३८ साली आपल्या पुस्तकात हा प्रश्न मांडला. दोनच विक्रेते असलेल्या बाजाराचा अभ्यास आजही त्यांच्याच उत्तरापासून सुरू होतो. कुर्नोंनी पाण्याचा खर्च शून्य धरला होता. आपण भरणे आणि वाहतूक यांचे जारमागे २० रुपये धरू. गिऱ्हाइकांची मागणी अशी समजू की ८० रुपयांना एकही जार खपत नाही, आणि भाव एक रुपयाने उतरला की रोज एक जार जास्त खपतो. हे आकडे माझे आहेत, हिशेबाची पद्धत मात्र त्यांची.

आधी मोजायचे काय ते पाहू. एखादी बाई जारला ७० रुपये द्यायला तयार होती आणि तिला तो ५० रुपयांना मिळाला, तर तिचे २० रुपये वाचले. सगळ्या गिऱ्हाइकांची अशी बचत एकत्र केली की ते ग्राहकांचे आधिक्य. विकणाऱ्याला खर्चावर जे जास्त सुटते ते उत्पादकाचे आधिक्य. दोन्हींची बेरीज म्हणजे त्या बाजारातून समाजाला झालेला एकूण लाभ, अर्थशास्त्राच्या भाषेत एकूण कल्याण.

झरे पुष्कळ असतील आणि विक्रेतेही पुष्कळ असतील, तर भाव खर्चाइतका, म्हणजे २० रुपयांवर येतो. रोज ६० जार खपतात. ग्राहकांचे आधिक्य १८०० रुपये होते आणि उत्पादकांचे शून्य. या मागणीत आणि या खर्चात १८०० पेक्षा जास्त कल्याण निघूच शकत नाही.

आता दोन्ही झरे एकाच मालकाचे आहेत असे धरा. तो ३० जारांवर थांबतो आणि भाव ५० ठेवतो. एकतिसावा जार विकायचा तर भाव ४९ करावा लागेल, आणि तो आधीच्या तीसही जारांना लागू होईल. विक्री १५०० वरून १५१९ वर जाईल. म्हणजे नव्या जाराने १९ रुपये आणले आणि २० रुपये खर्च करवले. म्हणून तो थांबतो. त्याला रोज ९०० रुपये सुटतात, ग्राहकांची बचत ४५० वर येते, एकूण कल्याण १३५०. उरलेले ४५० रुपये कुणाच्याच पदरात पडत नाहीत. जारला ३० किंवा ४० रुपये द्यायला तयार असलेली माणसे, म्हणजे खर्च भरून देऊ शकणारी माणसे, पाण्यावाचून परत जातात. तो तोटा त्यांच्या न झालेल्या खरेदीचा आहे.

दोन मालक असले की काय होते, ते कुर्नोंनी दाखवले. समजा दोघांनी ठरवले की १५-१५ जारच काढायचे आणि मक्तेदाराचा भाव टिकवायचा. प्रत्येकाला ४५० सुटतात. पण एकाने गुपचूप सोळावा जार काढला तर भाव ४९ होतो, आणि त्याची विक्री ७५० वरून ७८४ होते. त्या जाराने ३४ रुपये आणले, खर्च २०. एकट्या मालकाला तोच जार १९ रुपयांचा होता, कारण भाव उतरल्याचा सगळा फटका त्याचाच होता. इथे निम्मा फटका शेजाऱ्याला बसतो. शेजारीही तोच विचार करतो. असे करत दोघे २०-२० जारांवर येतात. तिथे एकविसावा जार १९ रुपयेच आणतो आणि कुणालाच पुढे सरकावेसे वाटत नाही. भाव ४०, खप ४०. ग्राहकांचे आधिक्य ८००, दोन्ही मालकांचे मिळून ८००, एकूण १६००.

या १६०० कडे नीट पाहायला हवे. स्पर्धेच्या १८०० पैकी जवळपास ८९ टक्के कल्याण दोन विक्रेत्यांच्या बाजारातही शिल्लक आहे. नुसती बेरीज बघणाऱ्याला हा बाजार ठीकच वाटेल. पण ग्राहकांची बचत १८०० वरून ८०० झाली. त्यांनी गमावलेल्या १००० पैकी ८०० मालकांकडे गेले आणि फक्त २०० वाया गेले. बेरजेत ते २०० तेवढे दिसतात.

हा फरक सर्वांत जास्त बोचतो तो दोन कंपन्या एक होऊ पाहतात तेव्हा. एकत्र आल्याने खर्च वाचेल, असा दावा त्या नेहमी करतात, आणि पुष्कळदा तो खरा असतो. आपल्या झऱ्यांचेच पाहा. दोन्ही एका मालकाकडे गेले आणि जारचा खर्च २० वरून १४ झाला, असे समजू. तो ३३ जार विकेल, भाव ४७ ठेवेल. त्याला १०८९ रुपये सुटतील, ग्राहकांना साडेपाचशेही नाहीत. बेरीज मात्र १६३३ रुपयांच्या वर जाते, म्हणजे दोन मालकांच्या काळापेक्षा जास्त. कल्याण वाढले, आणि गिऱ्हाईक जारमागे ७ रुपये जादा मोजते आहे. भाव पुन्हा ४० वर यायचा असेल, तर या मालकाचा खर्च शून्य व्हावा लागेल. खर्चातली बचत गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेल, या भरवशाला इथे फारसा आधार नाही.

हा हिशेब सरळ रेषेतली मागणी आणि न बदलणारा खर्च धरून केला आहे. विहीर खणण्याचा एकरकमी खर्च त्यात नाही. दोघे मालक किती जार काढायचे यावर न अडता थेट भावावर भांडले, तर दोनच जण भाव २० पर्यंत उतरवतील, असा आक्षेप जोसेफ बर्त्राँ यांनी १८८३ साली घेतला होता. मागणीचा आकार बदलला की टक्केवारी बदलेल. पण बेरीज आणि वाटप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने बदलत नाही.

कॅनडात हा वाद प्रत्यक्ष न्यायासनापुढे गेला. १९९८च्या डिसेंबरात सुपीरियर प्रोपेन या गॅसविक्रेत्या कंपनीने आयसीजी प्रोपेन ही मोठी प्रतिस्पर्धी कंपनी घेतली. देशातल्या प्रोपेन विक्रीचा साधारण ७० टक्के हिस्सा एका हाती आला. स्पर्धा घटेल हे तिथल्या स्पर्धा न्यायाधिकरणाने मान्य केले. पण कायद्याचे कलम ९६ असे होते की खर्चातली बचत स्पर्धेच्या हानीपेक्षा मोठी असेल तर विलीनीकरण रोखता येत नाही. बचत वर्षाला सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर आणि वाया जाणारे कल्याण सुमारे ३० लाख डॉलर ठरले. ग्राहकांच्या खिशातून कंपनीकडे जाणारी रक्कम सरकारी बाजूच्या अंदाजाने सुमारे ४ कोटी डॉलर होती. पण २००० सालच्या निकालात ती हानीत धरली गेली नाही, कारण बेरजेत ती एका बाजूने वजा आणि दुसऱ्या बाजूने अधिक होते. वरच्या न्यायालयाने नुसती बेरीज पुरेशी नाही असे सांगून प्रकरण परत पाठवले, तरी शेवटी विलीनीकरण टिकले.

माझ्या मते २००० चा तो निकाल गणितात चुकीचा नव्हता, न्यायात होता. भारताच्या २००२च्या स्पर्धा कायद्याच्या प्रस्तावनेत ग्राहकांच्या हिताचे रक्षण हा हेतू स्वतंत्रपणे लिहिलेला आहे आणि तो तसाच राहायला हवा. पुढच्या वेळी एखाद्या मोठ्या विलीनीकरणाच्या बातमीत कोट्यवधींची बचत वाचाल, तेव्हा त्याच बातमीत भावाचे काय होणार हे शोधा. कॅनडाच्या संसदेने कलम ९६ डिसेंबर २०२३ मध्ये रद्द केले.