व्हिएन्नाचा उशिरा लिहिलेला अहवाल

दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी माझ्याकडे आठ पानं पाठवली. त्या एका लहान गावातल्या रुग्णालयात काम करतात. सोबत निरोप होता, "क्लिनिकल ऑडिटचा अहवाल आहे. भाषा तेवढी पाहून द्या." मी डॉक्टर नाही. वैद्यकाच्या इतिहासाची जुनी पुस्तकं आणि अहवाल वाचत राहणं हा माझा वीस-बावीस वर्षांचा नाद. तरीही शेवटच्या पानावरची शिफारस वाचून थबकलो : 'कर्मचाऱ्यांमध्ये जागरूकता वाढवावी.' भाषेत चूक काहीच नव्हती. पण उद्या सकाळी कोणी, काय, कुठे करायचं, हे त्या वाक्यातून कळत नव्हतं.

क्लिनिकल ऑडिट म्हणजे नवं संशोधन नव्हे. 'काय करायला हवं?' हा संशोधनाचा प्रश्न; 'जे करायला हवं हे ठाऊक आहे, ते आपण करतो का?' हा ऑडिटचा. आधी निकष ठरवायचा, मग नोंदी काढून आपलं काम त्याच्याशी ताडायचं, फरक का पडला ते शोधायचं, एक बदल करायचा आणि काही काळानं पुन्हा मोजायचं. ऐकायला सोपं आहे. अहवाल लिहिताना ते कुठे निसटतं, हे मला कळलं ते व्हिएन्नाच्या एका जुन्या प्रकरणातून. डॉक्टरांनाही मी तेच सांगितलं.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४० च्या दशकात दोन प्रसूती विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. आलेली बाई कोणत्या विभागात जाईल हे वारावर ठरे. भरतीची पाळी साधारण चोवीस तासांनी बदले, आठवड्याच्या अखेरीस मात्र पहिल्या विभागाकडे सलग दोन दिवस येत. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात २०,०४२ बाळंतपणं झाली आणि १,९८९ बायका दगावल्या; शंभरात जवळजवळ दहा. दुसऱ्यात १७,७९१ पैकी ६९१. शंभरात चारांहून थोड्या कमी. मृत्यूचं मुख्य कारण बाळंतज्वर. बायकांना हा फरक ठाऊक होता. पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून त्या हात जोडत.

ऑडिटच्या भाषेत हे निष्कर्षाचं पान. आणि त्याची मांडणी चांगली आहे, कारण तुलना बरोबरीची आहे. एकच शहर, एकच हवा, एकच ऋतू, आणि बाई कुठे जाणार हे तिच्या आजारपणानं नव्हे तर वारानं ठरणारं. हवेतल्या दोषामुळे ज्वर येतो, ही त्या काळची समजूत याच तक्त्यानं लंगडी पडते. हवा काही भिंत पाहून थांबत नाही. गर्दी म्हणावं, तर बायकांच्या धडपडीमुळे दुसऱ्या विभागातच अधिक होती. निष्कर्षाच्या पानावर एवढंच हवं : किती जणींपैकी किती, कोणत्या काळात, कशाच्या तुलनेत. नुसती टक्केवारी लिहिली की 'किती जणींपैकी' हे हरवतं, आणि मग तीन रुग्णांपैकी एक आणि तीन हजारांपैकी एक हजार यांत फरक राहत नाही.

यानंतर मर्यादांचं पान. बहुतेक अहवालांत ते क्षमायाचनेसारखं असतं : 'माहिती अपुरी होती, नमुना लहान होता.' पण मर्यादेचं खरं काम वेगळं आहे. चूक कोणत्या दिशेला झाली असेल, हे तिनं सांगायचं. व्हिएन्नाच्या नोंदींत एक मोठी उणीव होती. पहिल्या विभागातल्या अत्यवस्थ बायकांना पुष्कळदा त्याच रुग्णालयाच्या इतर विभागांत हलवत. तिथे त्या गेल्या, की त्यांचा मृत्यू प्रसूती विभागाच्या खात्यावर पडत नसे. दुसऱ्या विभागातून असं हलवणं क्वचितच होई. म्हणजे पहिल्या विभागाचे आकडे खऱ्यापेक्षा कमी, आणि दोन विभागांतला खरा फरक तक्त्यात दिसतो त्याहून मोठा. ही मर्यादा निष्कर्षाला कमकुवत करत नाही, उलट बळ देते. पण ती दिशेसकट लिहिली तरच.

दुसरी मर्यादा उलट दिशेची. आकडे मुळातच वरखाली होतात. त्याच दुसऱ्या विभागात १८४२ साली मृत्यूचं प्रमाण ७.६ टक्के होतं आणि १८४५ साली दोनच टक्के. १८४६ च्या अखेरीस एका चौकशी समितीनं मृत्यूंचा दोष विद्यार्थ्यांच्या, विशेषतः परदेशी विद्यार्थ्यांच्या, आडदांड तपासणीला दिला. विद्यार्थ्यांची संख्या घटवली, परदेशी जवळजवळ बंद केले, तपासण्या कमी केल्या. फेब्रुवारी १८४७ मध्ये ३१२ बाळंतपणांत सहाच मृत्यू झाले. समितीनं तिथेच वही मिटली असती, तर अहवाल यशाचा ठरला असता. एप्रिलमध्ये पुन्हा ३१२ च बाळंतपणं झाली आणि ५७ बायका गेल्या.

इग्नाझ सेमेलवाइस तेव्हा पहिल्या विभागात सहायक होता. मार्च १८४७ मध्ये त्याचा मित्र, प्राध्यापक याकोब कोलेच्का, शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या सुरीची जखम होऊन वारला. त्याच्या शरीरात सेमेलवाइसला बाळंतज्वरानं गेलेल्या बायकांसारख्याच खुणा आढळल्या. विद्यार्थी आणि डॉक्टर शवगृहातून थेट प्रसूतीकक्षात येत; सुइणी शवविच्छेदन करत नसत. दोन विभागांतला फरक इथे सापडला.

आता त्याची शिफारस पाहा. 'स्वच्छता पाळावी' असं तो म्हणाला नाही. मे १८४७ च्या मध्यापासून नियम लागू झाला : शवगृहातून आलेल्यानं तपासणीआधी क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायचे. साबणानं धुतल्यावरही हाताला प्रेताचा वास राहतो. तो जायला हवा, ही कसोटी नाकानं घेता येण्याजोगी. सुरुवातीचं द्रावण महाग पडलं, म्हणून तो क्लोरीनयुक्त चुन्यावर, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरच्या जातीच्या स्वस्त पदार्थावर आला. जूनमध्ये २६८ बाळंतपणांत सहा मृत्यू झाले.

इथे घाईनं लिहिणारा 'अठरा टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर' असा मथळा देईल. पण फेब्रुवारीतही, हात न धुता, आकडा दोन टक्क्यांच्या आतच होता. वाईटातल्या वाईट महिन्यापासून मोजायला सुरुवात केली, की काहीही केलं तरी सुधारणा दिसते. म्हणून फेरमोजणीचा काळ आधीच ठरवून तो पुरेसा लांब ठेवावा लागतो. सेमेलवाइसचा खरा पुरावा जून नव्हे, १८४८ चं पूर्ण वर्ष आहे : पहिल्या विभागात ३,५५६ बाळंतपणं आणि ४५ मृत्यू, दुसऱ्यात ३,२१९ आणि ४३. दोन्ही विभाग बरोबरीला आले. मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत तर पहिल्या विभागात एकही मृत्यू झाला नाही.

फेरमोजणीचा आणखी एक उपयोग म्हणजे ती शिफारशीतली भोकं दाखवते. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगानं स्राव होत असलेली एक बाई पहिल्या खाटेवर होती. फेरी तिच्यापासून सुरू होई, आणि दोन रुग्णांच्या मध्ये नुसत्या साबणानं हात धुवत. तिच्यानंतर तपासलेल्या बारांपैकी अकरा बायका गेल्या. नियम प्रेतापुरता होता, दोष मात्र जिवंत माणसाच्या सडलेल्या स्रावातूनही येत होता. मग प्रत्येक रुग्णानंतर क्लोरीननं धुण्याचा नियम झाला. पहिली शिफारस चुकीची नव्हती, अपुरी होती. आणि मोजणी चालू असल्यामुळेच ते कळलं.

एवढं सगळं करून सेमेलवाइसनं अहवाल लिहिला नाही. डिसेंबर १८४७ मध्ये त्याच्या वतीनं मित्र फर्डिनांड हेब्रानं छोटं टिपण छापलं. बाहेर अनेकांचा समज झाला की हा माणूस फक्त प्रेतांच्या विषाबद्दल बोलतो. ज्यांच्या रुग्णालयात शवविच्छेदन होत नव्हतं, त्यांनी मान फिरवली. मार्च १८४९ मध्ये त्याची नेमणूक संपली, पुढे मुदतवाढ मिळाली नाही. पुस्तक आलं ते १८६१ साली, आणि त्यात तक्त्यांइतकीच जागा विरोधकांशी भांडण्यात गेली. त्यानंतरच्या खुल्या पत्रांत तर त्यानं प्राध्यापकांना खुनी म्हटलं. त्याचा संताप समजतो. पण ज्याच्या हातून चूक झाली त्यालाच हात धुवायचे असतात, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केलेला माणूस हात पुढे करत नाही. ऑडिटच्या अहवालात डॉक्टरांची नावं नसतात, त्यामागे हाच व्यवहार आहे.

हे सगळं ऐकून डॉक्टरांनी त्यांची आठ पानं पुन्हा उघडली. त्यांचा निकष साधा होता : सिझेरियनच्या आधी, चिरा देण्यापूर्वीच्या तासाभरात, प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं गेलं पाहिजे. निष्कर्ष होता, निम्म्या बायकांना ते वेळेवर मिळालं नाही. मी विचारलं, "मिळालं नाही, की वेळ लिहिली नाही?"

त्या गप्प झाल्या. केसपेपर पुन्हा काढले. वेळ चुकलेले थोडे निघाले. बाकीच्यांवर औषधाचं नाव होतं, वेळेची जागा कोरी. नव्या मसुद्यात त्यांनी तीन ओळी वेगळ्या केल्या : वेळेवर दिलं, उशिरा दिलं, नोंद नाही. मर्यादेत लिहिलं की नोंद नसलेल्या साऱ्यांना औषध वेळेवर मिळालं असं धरलं तर चित्र सर्वांत चांगलं, कोणालाच मिळालं नाही असं धरलं तर सर्वांत वाईट; सत्य या दोहोंच्या मध्ये आहे. सापडलेच नाहीत ते केसपेपर किती, तेही लिहिलं. गुंतागुंतीच्या रुग्णांचे कागद जास्त फिरतात आणि जास्त हरवतात.

'जागरूकता' गेली. तिच्या जागी दोन वाक्यं आली. भूलतज्ज्ञाच्या कागदावर इंजेक्शनच्या वेळेसाठी चौकट छापावी. चिरा देण्याआधी शस्त्रक्रियागृहातल्या सिस्टरनं ती वेळ मोठ्यानं विचारावी, आणि उत्तर मिळेपर्यंत सुरी हाती देऊ नये. खर्च छपाईचा, जबाबदारी त्या पाळीच्या सिस्टरची, फेरमोजणी सहा महिन्यांनी.

"एवढंच?" डॉक्टरांनी विचारलं. "साहेबांना वाटेल, ऑडिट करून एक चौकट काढली."

मी म्हटलं, व्हिएन्नात एक घंगाळ ठेवलं होतं.

फेरमोजणीचा कागद त्यांनी या पावसाळ्यात पाठवला. कोऱ्या चौकटी अजून आहेत, पण मोजक्या, आणि जवळजवळ सगळ्या रात्रपाळीच्या. रात्री सिस्टर एकटीच असते. पुढची शिफारस तिच्याबद्दल लिहावी लागेल.