बिलातला ‘इतर खर्च’

हाउसिंग सोसायटीत काम करणाऱ्या प्लंबरचं, इलेक्ट्रिशियनचं किंवा फॅब्रिकेटरचं बिल अडकतं ते बहुतेक वेळा पैसे नसल्यामुळे नव्हे. खजिनदार ते हातात घेतात, एका ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, “हे नेमकं कशाचं?” उत्तर कोणालाच ठाऊक नसतं, कारण काम सेक्रेटरींनी करून घेतलेलं असतं आणि त्या दिवशी सेक्रेटरी बैठकीला आलेले नसतात. बिल पुढच्या महिन्याच्या बैठकीवर जातं. इकडे कंत्राटदाराला वाटतं, सोसायटी मुद्दाम पैसे लांबवतेय.

लहान कंत्राटदारांची बिलं जवळून पाहिल्यावर माझं ठाम मत झालं आहे की यातल्या निम्म्याहून जास्त शंका दराबद्दल नसतातच. त्या वर्णनाबद्दल असतात. बिल लिहिणारा माणूस जे डोळ्यांनी पाहिलं ते गृहीत धरतो आणि बिल वाचणारा माणूस कामाच्या वेळी तिथे नसतो. खजिनदार नसतात, आणि वर्षाखेरीला येणारे ऑडिटर तर नसतातच.

एक नमुना घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, पण अशी बिलं रोज निघतात. सी-विंगच्या गच्चीवरच्या टाकीचं काम आणि पंपाची दुरुस्ती, या दोन्हींचं मिळून बिल असं आलं: प्लंबिंग काम १४,६०० रुपये, मटेरियल ११,३४०, मोटर दुरुस्ती ६,२००, इतर खर्च १,८६०. बेरीज ३४,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६,१२०, एकूण ४०,१२०. हिशेबात एका रुपयाची चूक नाही. तरीही चारही ओळींवर प्रश्न येणार.

पहिली ओळ सगळ्यात धोक्याची. कोटेशनमध्ये मजुरी ८,००० रुपये एकरकमी लिहिली होती, बिलात १४,६०० आली. खजिनदारांना वाटणार की दर वाढवला. प्रत्यक्षात टाकी रिकामी केल्यावर आउटलेटभोवतीचं प्लॅस्टर सुटलेलं दिसलं आणि सेक्रेटरींच्या होकाराने तेही काम केलं गेलं. म्हणजे ही कामं दोन होती आणि ओळ एकच लिहिली गेली. तिच्या दोन ओळी अशा होतील:

“सी-विंग, गच्चीवरची टाकी: गंजलेला २ इंची जीआय आउटलेट पाइप काढून सीपीव्हीसी पाइप बसवणे, टाकीपासून मुख्य व्हॉल्व्हपर्यंत २४ फूट. मजुरी, कोटेशनप्रमाणे एकरकमी: ८,०००.”

“वरील टाकीत आतून आउटलेटभोवतीचं सुटलेलं प्लॅस्टर काढून वॉटरप्रूफिंग करणे. वाढीव काम, सेक्रेटरींची व्हॉट्सॲपवर मंजुरी १२ मार्च. मजुरी व साहित्य: ६,६००.”

आता पहिली ओळ कोटेशनशेजारी धरली की जुळते, आणि दुसरी वाढीव असल्याचं स्वतःच सांगते. एक पथ्य मात्र पाळायला हवं. कोटेशन एकरकमी असेल तर बिलात ‘प्लंबर व हेल्पर, ४ दिवस’ असं लिहू नये. लगेच विचारलं जातं की चौथ्या दिवशी माणसं दुपारीच गेली होती, मग पूर्ण दिवसाचे पैसे का? ज्या मापाने दर ठरला त्याच मापाने बिल करावं: फुटाने ठरला तर फूट, नगाने ठरला तर नग, एकरकमी ठरला तर एकरकमी.

मटेरियलच्या ओळीत एक बारीक गोम आहे. पाइप लागला २४ फूट, पण दुकानात तो १० फुटी लांबीत मिळतो, म्हणून ३० फूट घ्यावा लागला. कमिटीतला एखादा हौशी सभासद टेप घेऊन गच्चीवर जातोच. म्हणून बिलातच लिहावं: “२ इंची सीपीव्हीसी पाइप, १० फुटी ३ लांब्या × १,९०० = ५,७००. वापर २४ फूट, उरलेला ६ फुटी तुकडा पंपरूममध्ये ठेवला आहे.” त्याखाली २ इंची पितळी बॉल व्हॉल्व्ह १ नग २,४५०, आणि एल्बो, युनियन, टँक निपल, सॉल्व्हंट मिळून ३,१९०. ही शेवटची ओळ एकत्रच ठेवावी आणि दुकानाच्या बिलाची प्रत सोबत जोडावी. प्रत्येक एल्बोची वेगळी ओळ केली की वाचणारा थकतो आणि दहा रुपयांच्या वस्तूवर अर्धा तास चर्चा होते. स्वतंत्रपणे बघता येईल किंवा मोजता येईल अशी वस्तू वेगळी लिहावी, बाकीची गटात.

‘मोटर दुरुस्ती’ लिहिताना मोटर कोणती हे सांगायला विसरू नये, कारण पंपरूममध्ये दोन असतात. “पंपरूम, डावीकडची ३ एचपी मोटर: रिवाइंडिंग ४,५००, बेअरिंग २ नग १,१००, मेकॅनिकल सील १ नग ६००. जुने भाग वॉचमनकडे दिले.” सहा महिन्यांनी उजवीकडची मोटर जळाली, तर ‘परवाच तर दुरुस्त केली होती’ हा वाद या ‘डावीकडची’ शब्दाने मिटतो.

राहिला ‘इतर खर्च’. तो होता मोटर रिवाइंडिंगला नेण्या-आणण्याच्या टेम्पोच्या दोन खेपांचा, प्रत्येकी ६०० प्रमाणे १,२००, आणि जुना पाइप व राडारोडा हलवण्याचा, ६६०. तसंच लिहावं. गाडीभाड्यावर जीएसटी का, असं कोणी विचारलं तर उत्तर कायद्यात आहे: पुरवठादाराने कामासोबत आकारलेला आनुषंगिक खर्च जीएसटी कायद्याच्या कलम १५ नुसार मूल्यातच धरला जातो. कर बिलावर वस्तूचं किंवा सेवेचं वर्णन आणि वस्तूंच्या बाबतीत परिमाण असायलाच हवं, असं सीजीएसटी नियम, २०१७ मधला नियम ४६ सांगतो.

मोघम ओळी येतात कुठून, तेही बघायला हवं. काम करणारा एक आणि बिल करणारा दुसरा, बहुधा मुलगा किंवा अकाउंटंट. तो पंधरा दिवसांनी सॉफ्टवेअरमध्ये ‘प्लंबिंग काम’ हा आधीच भरून ठेवलेला आयटम निवडतो आणि त्याखालची वर्णनाची जागा रिकामी सोडतो. उपाय सोपा आहे: काम संपेल त्याच संध्याकाळी कारागिराने जागा, काम, माप आणि कोणाच्या सांगण्यावरून केलं, एवढं व्हॉट्सॲपवर पाठवावं. बिल करणाऱ्याने तेच वर्णनात उतरवावं.

बिल आधीच गेलं असेल तर नव्या नंबरने दुसरं बिल पाठवू नये, एकाच कामाची दोन बिलं हिशेबात बसतात. रक्कम तीच असेल तर त्याच बिल नंबरचा उल्लेख करून खुलाशाचं परिशिष्ट द्यावं. रक्कम कमी करायची असेल तर कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट काढावी.

न विचारता केलेलं काम मात्र कितीही नीट लिहिलं तरी बिलात पचत नाही. ‘मंजुरी १२ मार्च’ लिहायला १२ मार्चला खरंच मंजुरी घेतलेली असावी लागते.

या आठवड्यात जे बिल पाठवणार असाल, त्यातला ‘इतर’ हा शब्द आजच खोडा आणि त्या जागी ज्याचे पैसे मागताय त्याचं नाव लिहा.